कानाचं मशीन डब्यात का पडून राहतं?

“वडील ७३ वर्षांचे आहेत. दिवाळीला त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं, चांगलं महागाचं. दोन-चार दिवस घातलं आणि डब्यात ठेवून दिलं. ‘नुसता कालवा होतो, माणसाचं कळत नाही,’ म्हणतात. यापेक्षा भारी मशीन घ्यावं का? की आता या वयात सवय होणारच नाही?”
– एक मुलगी, हिंगोली

भारी मशीन बघायच्या आधी हेच मशीन आणि कानाच्या तपासणीचा कागद घेऊन वडिलांना ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. मी तेच काम करते. असं का म्हणते, ते तात्यांच्या अनुभवावरून सांगते. त्यांचं नाव-गाव बदललं आहे.

तात्या मानवतजवळच्या खेड्यातले, पंचाहत्तरीचे शेतकरी. संध्याकाळी देवळात हरिपाठाला टाळ धरायचे. मुलगा त्यांना परभणीला माझ्याकडे घेऊन आला आणि बसायच्या आत म्हणाला, “मॅडम, ह्यांना घालायचंच नाही, मुद्दाम करायलेत.” तात्यांना मी वेगळं विचारलं. ते म्हणाले, “आवाज येतोय की. पण काय बोलायलेत तेच कळंना. भांडं पडलं की डोक्यात कळ जाती. आन् मी बोलाय लागलो की रांजणात तोंड घालून बोलल्यावाणी वाटतंय.”

या तक्रारींत हट्ट कुठेच नव्हता. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं आणि ते मशीनमध्ये सापडण्यासारखं होतं.

आधी कान बघितले, मळ नव्हता. नव्याने तपासणी केली. दोन्ही कानांचा आलेख सारखाच उतरता निघाला: जाड आवाज ३५ डेसिबलला ऐकू येत होते, बारीक आवाज मात्र ७० डेसिबलपर्यंत मोठे केले तरच. वयाने ऐकू कमी येतं ते बहुतेकांना असंच येतं. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि दमदार असतात, ते पोचतात, म्हणून ‘आवाज येतोय’. पण स, श, फ, थ ही व्यंजनं बारीक आणि अशक्त. ती गळली की ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच ऐकू येतात.

मग त्यांना सुखाने ऐकू येईल इतक्या आवाजात २५ शब्द ऐकवले. त्यांनी १९ बरोबर सांगितले. घरच्यांनी ही चाचणी झाली का, हे जरूर विचारावं. आवाज पुरेसा मिळाला तर माणसाला कळतं किती, ते यातून दिसतं. १९ म्हणजे मशीनचा चांगला उपयोग व्हायला हवा होता. हेच ८-१० आले असते तर कितीही किमतीचं मशीन घेऊन बोलणं पूर्ण स्पष्ट झालं नसतं, आणि मुलाला मी ते विकत घेण्याआधीच सांगितलं असतं.

मशीन संगणकाला जोडलं. दिवसाला सरासरी किती वेळ वापर झाला, याची नोंद बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये राहते. तात्यांची अर्ध्या तासाच्याही आत होती. कानात जाणारी रबरी टोपी पूर्ण बंद होती आणि आवाज पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीवर ठेवलेला होता.

रांजणाचा घोळ त्या टोपीचा. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज जबड्याच्या हाडातूनही कानाच्या नळीत उतरतो आणि एरवी बाहेर निघून जातो. नळीचं तोंड बंद केलं की तो आत कोंडतो. ज्यांना जाड आवाज बरे ऐकू येतात त्यांना हे फार जाणवतं. मी छिद्रांची टोपी बसवली. पूर्ण उघडी बसवली असती तर आणखी मोकळं वाटलं असतं, पण ७० डेसिबलच्या कानाला बारीक आवाज जोरात द्यावा लागतो, तो बाहेर गळून मशीन शिट्टी मारू लागतं. म्हणून मधली निवडली. तात्यांनी ‘रामकृष्णहरी’ म्हणून पाहिलं आणि मान डोलावली.

डोक्यात कळ जाण्याचं कारण आतल्या कानातलं. वयाने झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाहीत, मोठे मात्र आपल्याइतकेच मोठे लागतात. मधली जागा अरुंद होते. त्यामुळे मशीनने हळू आवाज भरपूर वाढवायचे, मोठे जेमतेम, आणि ठरावीक मर्यादेपुढे काहीच जाऊ द्यायचं नाही. तात्यांची मर्यादा मी खाली आणली. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज प्रत्यक्ष किती पोचतो ते मोजलं. मग स्टीलच्या ताटावर चमचा आपटला. ते दचकले, पण कानाला हात लावला नाही.

एकूण आवाजही मुद्दाम थोडा कमी ठेवला. कित्येक वर्षं पंखा, कागद, चपला यांचे आवाज ज्या मेंदूकडे गेलेच नाहीत, त्याला ते सगळे एकदम महत्त्वाचे वाटतात. त्यातले कोणते सोडून द्यायचे हे तो रोज ऐकूनच शिकतो, त्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. सांगितलं ते एवढंच: पहिल्या आठवड्यात घरात, सकाळी दोन तास, समोर एकच माणूस, हातभर अंतरावर. मग ओसरी, मग टीव्ही, मग चारचौघं. बाजार आणि लग्न शेवटी. फक्त लग्नाला मशीन घालणाऱ्याचं बिनसतं, कारण तो सर्वांत अवघड परीक्षेपासून सुरुवात करतो. मुलाला ओरडणं बंद करायला सांगितलं. मशीन असताना ओरडलं की शब्द फाटतात. स्वयंपाकघरातून हाक न मारता समोर येऊन नेहमीच्या आवाजात बोलायचं.

पुढच्या भेटीत नवी तक्रार होती: शिट्टी. फेटा बांधला की व्हायची. कापड मशीनच्या माइकवर आलं की बाहेर गळलेला आवाज परत माइकमध्ये शिरतो. फेटा बोटभर वर बांधायला सांगितल्यावर ती थांबली. उन्हाळ्यात मशीन ‘बंद पडलं’ म्हणून मुलगा धावत आला, तर टोकाची मळाची जाळी बुजलेली होती. ती बदलली, आणि घामासाठी रात्री मशीन सुकवणीच्या डबीत ठेवायला शिकवलं.

तीन महिन्यांत आवाज टप्प्याटप्प्याने पुरता वाढवला. वापर दिवसाला आठ-नऊ तासांवर गेला. तेव्हा दुसऱ्या कानाचं मशीन घ्यायला मी सांगितलं, कारण दोन्ही कान सारखेच कमी होते आणि एका मशीनवर हाक कुठून आली ते त्यांना उमगत नव्हतं. तुमचे पैसे मोजायचेच असतील तर एका भारी मशीनपेक्षा दोन मध्यम मशीनचा विचार आधी करा. जास्त किंमत मुख्यतः गोंगाट आवरणाऱ्या सोयींसाठी जाते. घरात बसून दोघांच्या बोलण्याला तिचा फरक थोडा पडतो.

एक गोष्ट मात्र जमली नाही. देवळात वीस टाळांमध्ये शेजारच्याचं बोलणं तात्यांना आजही कळत नाही. टाळांचा आवाज इतका तीव्र आणि जवळचा असतो की चांगलं मशीनही तिथे हात टेकतं. हरिपाठासाठी आवाज उतरवलेली वेगळी सेटिंग करून दिली, तेवढी त्यांना पुरते.

वडिलांना घेऊन जाल तेव्हा ‘नीट ऐकू येत नाही’ एवढंच सांगू नका. कोणता आवाज टोचतो, स्वतःचा आवाज घुमतो का, शिट्टी कधी होते, कोणाचं बोलणं कळतं आणि कोणाचं नाही, हे आठवडाभर कागदावर लिहून न्या. आणि ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, एकाच कानात फरक असेल, कान वाहत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मशीनचं राहू द्या, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी.