१/४ + १/१६ + १/६४ + … बरोबर १/३ कसे?

प्रश्न: १/४ + १/१६ + १/६४ + … ही बेरीज १/३ येते असं पुस्तकात दिलंय. पण कितीही पदं मिळवली तरी थोडं कमीच पडतं. मग "जवळजवळ १/३" न म्हणता बरोबर १/३ का म्हणतात?

उत्तर:

कमी पडतं हे तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत. कितव्याही पदाशी थांबलात तरी १/३ गाठला जात नाही. आधी किती कमी पडतं तेवढं मोजून घेऊ, कारण सगळं उत्तर त्या मोजमापातच आहे.

पहिलं पद घेतलं की बेरीज १/४. दोन पदांची ५/१६, तीन पदांची २१/६४, चार पदांची ८५/२५६, पाच पदांची ३४१/१०२४. या बेरजांना आंशिक बेरजा म्हणतात आणि S_1, S_2, S_3 असं लिहितात. आता प्रत्येक अपूर्णांकाचा अंश तीनने गुणून छेदाशेजारी ठेवा. ५ चे १५, छेद १६. २१ चे ६३, छेद ६४. ८५ चे २५५, छेद २५६. दर वेळी बरोबर १ कमी. म्हणजे S_2 ला १/३ पर्यंत पोचायला १/४८ कमी पडतो, S_3 ला १/१९२, S_4 ला १/७६८. सर्वसाधारणपणे लिहायचं तर:

१/३ − S_n = १/(३ × ४^n)

ही तूट कधीच शून्य होत नाही. ती किती आहे हे मात्र प्रत्येक n साठी आपल्याला नेमकं माहीत आहे, अंदाजाने नव्हे.

आता "अनंत पदांची बेरीज" या शब्दांकडे या. बेरीज ही क्रिया दोन संख्यांवर होते. ती पुन्हापुन्हा करून तीन, शंभर, लाख संख्यांची बेरीज मिळते. पण जी यादी संपतच नाही तिची बेरीज काय, याबद्दल बेरजेचे नियम गप्प आहेत. शेवटची बेरीज करायची वेळच येत नाही. म्हणून तिथे बरोबरच्या चिन्हाला काय अर्थ द्यायचा हे वेगळं ठरवावं लागतं, आणि गणितात ते असं ठरलं आहे: आंशिक बेरजांची क्रमिका S_1, S_2, S_3, … ज्या संख्येकडे जाते ती संख्या, म्हणजे त्या क्रमिकेची सीमा, हीच त्या अनंत श्रेणीची किंमत. शाळेत ही व्याख्या बहुतेकदा सूत्रामागे दडून जाते, आणि तुम्हाला पडलेला प्रश्न तिथूनच निघतो. "जवळजवळ" हा शब्द S_n ला लागू पडतो. S_10 हा जवळजवळ १/३ आहे. पण सीमा ही एकच, ठरलेली संख्या असते. ती कुठे सरकत नाही, कशाच्या जवळही जात नाही. ती १/३ आहे.

"कडे जाते" हे मात्र सैल बोलणं झालं. ते घट्ट करायचं तर एखाद्या पैजेसारखं बघा. तुम्ही कोणतीही धन संख्या सांगा, हवी तितकी लहान. मला असा n दाखवता आला पाहिजे की त्या n पासून पुढच्या सगळ्या आंशिक बेरजा १/३ पासून तुमच्या संख्येपेक्षा कमी अंतरावर राहतील. समजा तुम्ही एक दशलक्षांश मागितलात. मग ३ × ४^n हा दहा लाखांहून मोठा व्हायला हवा. n = ९ ला तो ७,८६,४३२ होतो, अजून पुरत नाही. n = १० ला ३१,४५,७२८ होतो. म्हणजे दहाव्या बेरजेपासून पुढे काम झालं. एक अब्जांश मागितलात तर n = १५ लागतो. तुम्ही काहीही मागा, ४^n वाढतच जातो, त्यामुळे उत्तर मिळतंच. क्रम मात्र उलटा करू नका: आधी तुमची संख्या, मग माझा n. एकच n सगळ्या मागण्यांना पुरेल असं कुणी म्हणत नाही, आणि "१/३ कधीच गाठला जात नाही" ही तुमची हरकत नेमकी तसा n मागते.

मग १/३ च का, दुसरी एखादी संख्या का नाही? ०.३४ घेऊन बघा. सगळ्या आंशिक बेरजा १/३ च्या खाली आहेत, त्यामुळे ०.३४ पासून त्या कायम ०.००६ पेक्षा जास्त लांब राहतात. कुणी ०.००५ मागितला की पैज हरलो. बरं, थोडी कमी संख्या, ०.३३३ घ्या. S_5 हा ०.३३३००७८… आहे, म्हणजे पाचव्या पायरीलाच ती ओलांडली गेली. पुढची प्रत्येक बेरीज आधीपेक्षा मोठी, त्यामुळे मागे फिरणं नाही. १/३ पेक्षा मोठी कोणतीही संख्या पहिल्या कारणाने बाद होते आणि लहान कोणतीही दुसऱ्या कारणाने.

हा दुहेरी प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी अगदी नेमका विचारला गेला आहे. केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी आर्यभटीयावरच्या भाष्यात हीच श्रेणी घेतली आहे. चौथा भाग, त्याचा चौथा भाग, असं मिळवत गेल्यास बेरीज एक तृतीयांश होते. त्यावर ते विचारतात: ती तेवढीच वाढते, आणि तेवढी वाढतेच, हे कशावरून? "तेवढीच" म्हणजे वर जात नाही, "तेवढी वाढतेच" म्हणजे खाली अडत नाही. उत्तरही वर केलं तसंच, उरलेल्या तुटीवरून आहे: १/३ मधून १/४ काढला की १/१२ उरतो, आणि १/१२ म्हणजे १/३ चाच चौथा भाग. त्यातून १/१६ काढला की पुन्हा त्याचा चौथा भाग, १/४८, उरतो. मला सीमेची यापेक्षा सुबोध ओळख माहीत नाही.

आता सूत्राकडे. बरेच जण असं करतात: बेरजेला S म्हणू. पहिलं पद सोडलं तर उरलेली श्रेणी म्हणजे S चा चौथा भाग. म्हणून S = १/४ + S/४, यावरून S = १/३. उत्तर बरोबर आलं, पण S नावाची संख्या आहे हे पहिल्याच ओळीत गृहीत धरलं. हीच युक्ती १ + २ + ४ + ८ + … ला लावा. S = १ + २S, म्हणून S = −१. धन संख्यांची बेरीज ऋण! १ − १ + १ − १ + … ला लावली तर १/२ मिळतो, आणि आंशिक बेरजा मात्र १, ०, १, ० अशा उड्या मारतात. १/२ पासून त्या कायम अर्ध्यावर राहतात, म्हणजे ०.४ मागितला तरी पैज हरतो.

म्हणून युक्ती अनंतावर न चालवता आंशिक बेरजेवर चालवायची. पहिलं पद a आणि गुणोत्तर r (r = १ सोडून) असेल तर S_n मधून r × S_n वजा करा. मधली सगळी पदं कटतात, पण दोन टोकं उरतात, a आणि −a × r^n. त्यावरून

S_n = a/(१ − r) − a × r^n/(१ − r)

घाईत विसरला जातो तो हा दुसरा तुकडा. सगळं त्याच्यावर ठरतं. r = १/४ असेल तर तो विरघळत जातो आणि पहिला तुकडा ही सीमा ठरते. a = १, r = २ घातलं तर S_n = −१ + २^n. ती −१ कुठून आली ते इथे दिसतं: पहिला तुकडा आहेच, पण दुसरा २^n होऊन फुगत जातो, त्यामुळे सीमाच नाही. r = −१ ला दुसरा तुकडा चिन्ह बदलत राहतो, कुठेच स्थिरावत नाही.

r चं केवल मूल्य १ पेक्षा कमी असेल तर r^n शून्याकडे जातो, हे १/४ साठी डोळ्यांना दिसतं. ०.९९ साठी मनात शंका राहू शकते. तेव्हा १/०.९९ = १ + १/९९ असं लिहा. (१ + १/९९)^n हा १ + n/९९ पेक्षा कमी नसतो, कारण विस्तारातली बाकीची पदं धनच असतात. १ + n/९९ हवा तितका मोठा करता येतो, म्हणून ०.९९^n हवा तितका लहान होतो. हळूहळू, पण होतो.

या "हळूहळू"मध्ये प्रत्यक्ष आकडेमोड करताना एक चूक हमखास होते: पद अगदी लहान झालं की आता बेरीज आली, असं समजून थांबणं. सूत्रातला दुसरा तुकडा सांगतो की उरलेली तूट ही पुढच्या पदाच्या १/(१ − r) पट असते. r = १/४ ला ही पट ४/३ आहे, म्हणजे शेवटी मिळवलेल्या पदाचा एक तृतीयांश. आर्किमिडीजने पॅराबोलाच्या खंडाचं क्षेत्रफळ काढताना नेमकं हेच वापरलं: १ + १/४ + १/१६ + … अशी कितीही पदं घ्या, त्यात शेवटच्या पदाचा एक तृतीयांश मिळवला की बेरीज बरोबर ४/३. (ही श्रेणी १ पासून सुरू होते म्हणून ४/३. तुमची १/४ पासून, म्हणून १/३. सूत्रातला a म्हणजे तुमच्या श्रेणीचं खरोखरचं पहिलं पद, हे दर वेळी तपासा.) त्यानेही अनंत बेरीज केली नाही. क्षेत्रफळ याहून जास्त नाही आणि कमीही नाही, असं दोन्ही बाजूंनी दाखवलं.

पण a = १, r = ०.९९ घ्या. इथे पट १०० आहे आणि किंमतही १००. ४५९ पदं मिळवल्यावर पुढचं पद पहिल्यांदा ०.०१ च्या खाली येतं. तिथे थांबलात तर हातात साधारण ९९.०१ असतात, म्हणजे तूट जवळपास पूर्ण १ ची. तूट ०.०१ च्या खाली आणायची तर ०.९९^n हा ०.०००१ पेक्षा लहान हवा, आणि त्याला ९१७ पदं लागतात. म्हणून थांबायचं कधी हे पदाकडे बघून ठरवू नका. पुढचं पद (१ − r) ने भागा आणि जो आकडा येईल त्याच्यावरून ठरवा.