९५ चा आकडा गाठायचा हट्ट आम्हाला फार महागात पडला

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. मागच्या आठवड्यात डिस्चार्ज मिळाला. घरी ऑक्सिमीटरवर ९०-९१ दिसतं. दुकानदार म्हणतो, दहा लिटरचं ऑक्सिजन मशीनच घ्या. किती लिटरवर ठेवायचं? ९५ च्या वर यायला हवं ना?

उत्तर: शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी डॉक्टर नाही. आईचं दुखणं सहा वर्षं काढलंय, तेवढ्यावर लिहितोय. डोस तुमच्या छातीच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आईला आयुष्यभराच्या चुलीच्या धुरानं सीओपीडी झाला, बिडीला कधी हात लावला नाही तिनं. पहिल्या डिस्चार्जच्या कागदावर त्या हॉस्पिटलनं नुसतं ‘ऑक्सिजन एसओएस’ लिहिलं होतं. किती लिटर, किती तास, आकडा कुठपर्यंत आणायचा, काहीच नाही. विचारायला गेलो तर काउंटरवरून उत्तर मिळालं, ‘लागेल तसा द्या.’

एका रात्री ऑक्सिमीटरवर ८६ दिसलं. मी मशीन एकवरून थेट चारवर नेलं. आकडा ९७ झाला आणि मी निर्धास्त झोपलो. सकाळी आई म्हणाली, डोकं जड झालंय. नऊच्या सुमारास चहाचा कप धरताना हात थरथरायला लागले, मग ती बोलता बोलता डुलक्या घ्यायला लागली. आम्हाला वाटलं, बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागतेय. दुपारी हाक मारली तर नुसतं हुं. दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड ८२ होता, जो साधारण ३५ ते ४५ असतो. चार दिवस बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवर काढले. ऑक्सिमीटर तेव्हाही ९६ दाखवत होतं. ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट खेळत नाही, तिथला रक्तपुरवठा शरीर आपणहून आवळून धरतं. जास्त ऑक्सिजन दिला की तो बंद भाग पुन्हा रक्तानं भरतो, पण हवा तिथे येत-जात नसल्यामुळे त्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. श्वासाचा जोरही थोडा कमी होतो. म्हणून अशा पेशंटला ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं. तुमच्या वडिलांचं ९०-९१ त्यातच बसतंय. आणि वर सांगितलेली लक्षणं दिसली तर नळी एकदम उपटू नका, त्यानं ऑक्सिजन आधीपेक्षाही खाली जातो. डॉक्टरांना फोन लावा, ते म्हणतील तसा प्रवाह कमी करा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

आता मशीन लागतंय का, हा प्रश्न. आजारपणातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या आकड्यावर कायमचा निर्णय घेत नाहीत. आईचा डिस्चार्जच्या वेळी पीओटू, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, ५२ होता, म्हणून आम्ही मशीन विकतच घेतलं. अडीच महिन्यांनी आराम असताना, ऑक्सिजन न लावता एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्ताची तीच तपासणी, केली तर ६१! डॉक्टर म्हणाले, बंद करा. मशीन कवडीमोलानं विकलं. दोन वर्षांनी ५४ वर आला, पायांना सूज, तेव्हा खरी गरज लागली. ढोबळ नियम असा: स्थिर असताना पीओटू ५५ किंवा खाली, किंवा ऑक्सिमीटरवर ८८ किंवा खाली. पीओटू ५६ ते ५९ असेल तर उजव्या हृदयावर ताण किंवा रक्त दाट झालेलं असावं लागतं. अमेरिकेत २०१६ साली आलेल्या मोठ्या चाचणीत ८९ ते ९३ वाल्या पेशंटना घरच्या ऑक्सिजननं ना आयुष्य वाढलं, ना ॲडमिट होणं कमी झालं. धाप लागते म्हणजे ऑक्सिजन कमीच आहे असं नाही, इनहेलर नीट ओढतात का ते आधी बघा.

म्हणून माझं मत: आत्ता डॉक्टरांनी लिहून दिलंच असेल तर मशीन भाड्यानं घ्या, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एबीजी करा. दहा लिटर कशाला? आई आज एक लिटरवर आहे. मात्र ज्यांना खरंच लागतो त्यांनी दिवसाला निदान १५ तास लावायचा, रात्र धरून. ‘दम लागला की दहा मिनिटं’ याचा उपयोग नाही. आमच्याकडे आई तासांवरून रोज भांडते, ते वेगळं.

एक राहिलं. नळी लावून देवापुढे निरांजन लावायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, घरात कोणी बिडी ओढायची नाही. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीनही नको, पाण्यावर आधारलेलं जेल मागा. आता आमच्याकडे निरांजन मी लावतो, आई लांब खुर्चीवर बसून आरती म्हणते. आणि डिस्चार्जच्या कागदावर लिटर, तास आणि आकड्याची मर्यादा लिहून दिल्याशिवाय कुठल्याच हॉस्पिटलातून निघू नका. तुमच्याकडच्या कागदावर काय लिहिलंय, ते इथे टाकाल का?