बैलाऐवजी काकडी : भेट की बळी?

प्रश्न : "धर्माच्या मानवशास्त्रावर निबंध लिहितोय. विधीतल्या अर्पणाला मोसचा भेटीचा सिद्धांत लावला तर पुरेल का, की बळीचा सिद्धांत वेगळा घ्यावा लागेल?"

नाही पुरणार. एम.ए.ला असताना मीही सगळं भेटीवरच बेतलं होतं. सरांनी समासात एकच ओळ लिहिली : "देवाचंच देवाला दिलं, तर देव बांधला कसा जातो?" त्या ओळीने मला दक्षिण सुदानच्या नुएर लोकांकडे नेलं. तुम्हीही हेच उदाहरण घ्या.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोसच्या 1925च्या निबंधात भेट म्हणजे तीन बंधनं : द्यायचं, घ्यायचं, परत करायचं. तैत्तिरीय संहितेतलं 'देहि मे ददामि ते' त्यात चपखल बसतं. पण ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डने 1956 साली नुएर धर्माबद्दल जे लिहिलं, ते बसत नाही. नुएर आधी बैल खुंटीला बांधतात, मग त्याच्या पाठीवर राख चोळतात, उजव्या हातात भाला धरून देवाला आळवतात आणि शेवटी बैल मारतात. मांस माणसांचं, जीव देवाचा. राख चोळणारा हात महत्त्वाचा, कारण त्यातून माणूस स्वतःला बैलाशी जोडतो आणि मरतो त्याच्या जागी बैल. आजारपणात किंवा दोष लागल्यावर बैल मारतात, तेव्हा देवाला जवळ बोलवायचं नसतं. त्याने आता दूर जावं, एवढंच मागणं असतं. म्हणजे 'देवासोबत पंगत' ही धर्माचा अभ्यासक रॉबर्टसन स्मिथची बळीबद्दलची कल्पनाही इथे अडखळते.

खरी कसोटी काकडीची. बैल नसेल किंवा कारण किरकोळ असेल, तर नुएर रानकाकडी कापतात आणि तिला 'बैल'च म्हणतात. भेट म्हणून मोजलं तर हा व्यवहार हास्यास्पद ठरेल. बदली म्हणून पाहिलं की अर्थ लागतो. माणसाच्या जागी बैल आला, तसा बैलाच्या जागी काकडी. आपल्याकडे होमात बळी म्हणून कोहळा कापतात, तो आठवा.

म्हणून भेटीचा सिद्धांत टाकून देऊ नका, त्याची हद्द दाखवा. लग्नातला किंवा अंत्यविधीतला बैल घेतलात तर मांस कोणत्या नातेवाइकाला जातं ते पाहा. तिथे मोस कामाला येतो, कारण देणंघेणं माणसामाणसांत आहे. देवाशी जे चाललंय, त्यासाठी ह्यूबेर आणि मोसचाच 1899चा बळीवरचा निबंध घ्या. पवित्र आणि व्यवहारी जग यांच्यामध्ये बळीचा प्राणी उभा असतो आणि त्याच्या मारण्यातून संपर्क घडतो, असं ते म्हणतात. राखेची पायरी तिथे नेमकी बसते.

एक सावधगिरी बाळगा. इव्हान्स-प्रिचर्ड 1944 साली कॅथलिक झाला होता. त्याने रंगवलेला नुएरांचा देव फार ख्रिस्ती वाटतो, हा आक्षेप जुना आहे. म्हणून 'प्रायश्चित्त', 'पाप' हे शब्द त्याच्याकडून उचलताना, ते त्या बैलापाशी कुणी उच्चारले होते की त्याचे स्वतःचे आहेत, हे प्रत्येक ठिकाणी पाहून घ्या.