टेप काळी पडली म्हणजे ‘निर्जंतुक’ झालं का?

*‘सिंधुदुर्गातल्या एका लहान रुग्णालयात ओटीच्या कामाला आहे. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, नोंदवहीत आम्ही “टेप काळी, लोड निर्जंतुक” असं लिहितो. नवे डॉक्टर म्हणतात, हे वाक्यच चूक आहे. ते का? आणि बायोलॉजिकल इंडिकेटरला मराठीत काय लिहावं? निर्देशक, निदर्शक, सूचक, काहीच ठरत नाही.’*

ताई, डॉक्टरांचं बरोबर आहे. ‘टेप काळी’ हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ‘लोड निर्जंतुक’ हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. दोन्हींच्या मधल्या स्वल्पविरामात एक ‘म्हणून’ लपून बसला आहे, आणि तोच टिकत नाही.

आधी सोपा प्रश्न संपवू. शाळेच्या विज्ञानात लिटमसला आपण ‘दर्शक’ म्हणत आलो. हळद आणि जास्वंद हे नैसर्गिक दर्शक. तोच शब्द इथे चालतो: रासायनिक दर्शक, जैविक दर्शक. ‘निर्देशक’ ऐकलं की निर्देशांक आठवतो, ‘सूचक’ म्हटलं की निवडणुकीच्या अर्जावर सही करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘निदर्शक’ तर मोर्चात घोषणा देतो. टेपला मात्र टेपच राहू द्या. ‘पट्टी’ लिहाल तर ड्रेसिंगच्या ड्रमात आधीच पट्ट्या भरलेल्या असतात, आणि ‘चिकटपट्टी’ म्हणजे जखमेवर लावायची, असंच वॉर्डातले मामा समजतील.

आता त्या ‘म्हणून’कडे वळू. ड्रमावर बाहेरून चिकटवलेल्या टेपवरच्या फिकट रेघांची शाई वाफ आणि उष्णता लागली की काळी किंवा गडद तपकिरी होते. जुन्या घडणीच्या टेपांत शिशाचं संयुग आणि गंधक असतं, त्यांचं वाफेत काळं लेड सल्फाइड बनतं. १२१ अंशांच्या वाफेत हा बदल पहिल्या काही मिनिटांतच उरकतो. टेपचं कामच तेवढं आहे: फडताळात शेजारी ठेवलेल्या दोन ड्रमांपैकी कुठला ऑटोक्लेव्हमधून जाऊन आला आणि कुठला अजून जायचा आहे, हे सांगणं. यासाठी आपल्याकडे सरळ शब्द आहे, ‘खूण’. खूण ड्रमाच्या बाहेर असते, आणि बाहेर काय झालं एवढंच ती सांगते.

पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट जाते, तो प्रसंग धरा. विजेवरचा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना पोचला, वीस मिनिटं मोजायची होती आणि बाराव्या मिनिटाला वीज गेली. तापमान उतरलं. तासाभराने लाइट आली तेव्हा वेळ पुन्हा शून्यापासून मोजायची असते. ती कोणी मोजली की उरलेल्या आठ मिनिटांवर भागवलं, हे टेपला विचारून उपयोग नाही. ती पहिल्याच फेरीत काळी होऊन बसली आहे, आणि काळी झालेली टेप पुन्हा फिकट होत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे अडकलेली हवा. ऑटोक्लेव्हच्या दाबमापकावर १५ पौंड दिसले की आपण १२१ अंश गृहीत धरतो. ते खरं ठरतं, पण आतली हवा पूर्ण बाहेर गेली असेल तेव्हाच. निम्मी हवा आत राहिली तर त्याच १५ पौंडांना तापमान ११२ अंशांच्या आसपास असतं, आणि हवा अजिबात काढली नाही तर जेमतेम १००. दाबमापकाला हवेचा दाब आणि वाफेचा दाब यांतला फरक कळत नाही. हवा वाफेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसते, आणि कपड्यांच्या घट्ट घड्यांत तर ती हमखास अडकते. तुमच्याकडच्या स्टीलच्या ड्रमाला बाजूने छिद्रं आणि त्यांवर सरकती पट्टी असते ना? आत ठेवताना ती छिद्रं उघडी करायची आणि बाहेर काढल्याबरोबर बंद करायची. घाईत ती अर्धवट मिटलेली राहिली तर ड्रमाबाहेर शुद्ध वाफ आणि मधोमध हवा-वाफेची मिसळ, असा प्रकार होतो. टेप मात्र ड्रमाच्या झाकणावर, म्हणजे शुद्ध वाफेत.

हवा आत राहिली तरी गरम होतेच की, मग काय बिघडलं, असं कोणी विचारेल. गरम कोरडी हवा फार सावकाश मारते. वाफ थंड वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं आणि तिच्यात साठलेली उष्णता एकदम त्या वस्तूत उतरते. जंतूंची प्रथिनं अशा ओलाव्यात झटकन गोठतात. मोदकपात्रातला मोदक दहा-पंधरा मिनिटांत उकडतो. तेवढ्याच गरम कोरड्या हवेत तो ठेवला तर वरून वाळेल आणि आत कच्चा राहील. म्हणूनच कोरड्या उष्णतेने काम करायचं तर १६० अंश आणि दोन तास लागतात.

आता आकडे मांडू. जैविक दर्शक म्हणजे जंतू खरंच मेले का हे तपासायची छोटी कुपी. तिच्यात एका जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची निद्रिस्त रूपं, असतात, साधारण दहा लाख. जंतूचं नाव जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. २००१पर्यंत त्याला नुसतं बॅसिलस म्हणत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तसं सापडेल. माणसाला तो आजारी पाडत नाही. निवडला आहे तो ओल्या उष्णतेपुढे चिवट म्हणून. धरा की १२१ अंशांच्या वाफेत दर दोन मिनिटांना त्याचे दहातले नऊ मरतात. म्हणजे दोन मिनिटांनी दहा लाखांचे एक लाख, चार मिनिटांनी दहा हजार, आणि असं करत बाराव्या मिनिटाला सरासरी एक उरतो. वीस मिनिटांनी तर दहा हजार कुप्यांत एखाद्या कुपीत एखादाच. आता तोच ड्रम, मधोमध ११२ अंश. तापमान दहा अंशांनी उतरलं की तेवढ्याच कामाला साधारण दहापट वेळ लागतो. या हिशेबाने ११२ अंशांना दहातले नऊ मरायला दोनऐवजी सोळा मिनिटं हवीत. वीस मिनिटांनंतर पन्नास हजारांहून जास्त बीजाणू जिवंत असतील. टेप काळी, दाब बरोबर, घड्याळ बरोबर, आणि आत पन्नास हजार.

म्हणून कुपी ड्रमाच्या पोटात, घड्यांच्या मधोमध ठेवतात. आणखी एक अवघड जागा म्हणजे तळाशी, हवा निघून जाण्याच्या तोंडाजवळ. जिथे वाफ पोचणं सर्वांत अवघड, तिथे कुपी. वरच्या थरावर ठेवलेली कुपी टेपपेक्षा फारसं काही जास्त सांगत नाही.

चक्र संपलं, कुपी गार झाली की ती दाबून आतली काचेची नळी फोडायची, म्हणजे जांभळा पोषक द्रव बीजाणूंच्या कागदावर येतो. मग ५५ ते ६० अंशांच्या उबवणीयंत्रात २४ ते ४८ तास, नेमके किती ते बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं. बीजाणू जिवंत असतील तर ते रुजून वाढतात, आम्ल सोडतात आणि द्रव पिवळा होतो. जांभळा राहिला तर वाढ नाही. गंमत म्हणजे रंग बदलतो तो ब्रोमोक्रेसॉल पर्पलमुळे, आणि तो स्वतः शाळेतल्या लिटमससारखा आम्लदर्शक आहे. जैविक दर्शकाच्या पोटात रासायनिक दर्शक!

पण जांभळ्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. त्याच बॅचची एक कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता तशीच फोडून शेजारी उबवायची असते. ती पिवळी झालीच पाहिजे. झाली नाही तर बीजाणू मेलेले होते, द्रव खराब होता किंवा यंत्र तापलंच नव्हतं. पुन्हा कोकणातली लाइट आठवा: रात्रभर वीज नसेल तर उबवणीयंत्र खोलीइतकं थंड होतं, आणि हा उष्णताप्रेमी जंतू अशा थंडाव्यात वाढत नाही. दोन्ही कुप्या जांभळ्याच राहतात. चाचणीच्या एकट्या कुपीकडे पाहिलं असतं तर ‘पास’ लिहून मोकळे झालो असतो. या दुसऱ्या कुपीला ‘कंट्रोल’ म्हणतात आणि भाषांतरकार तिला ‘नियंत्रण कुपी’ करतात. ती कशाचंही नियंत्रण करत नाही. गणितात आपण उत्तराचा ‘ताळा’ करून बघतो, तोच शब्द हिला शोभतो: ताळ्याची कुपी. ‘तुलनेची कुपी’ लिहिलंत तरी अर्थ पोचेल.

राहिला ‘निर्जंतुक’. या शब्दाची परवड करोनात झाली. रस्त्यावर हायपोक्लोराइट फवारलं तेही निर्जंतुकीकरण, आणि ऑटोक्लेव्हमधून काढलेली सुरी तीही निर्जंतुक. फवारणीने जंतू कमी होतात, बीजाणू बहुतेक टिकून राहतात. त्याला ‘जंतुनाशन’ म्हणावं आणि ‘निर्जंतुक’ शस्त्रक्रियेच्या सामानासाठी राखून ठेवावा, असं माझं मत. तिथेही ‘निर्’ हा उपसर्ग जरा चढा आहे. वरचा हिशेब पाहा: दहावा हिस्सा, त्याचा दहावा हिस्सा, असं कितीही केलं तरी शून्य येत नाही. या क्षेत्रात ‘निर्जंतुक’ म्हणजे दहा लाख वस्तूंमागे एखादीवर एखादा जंतू जिवंत राहण्याइतकीच शक्यता. कुपी जांभळी राहिली एवढ्यावरून ही शक्यता थेट मोजली जात नाही. कुपीतले चिवट दहा लाख मेले, तर सामानावरचे मोजके आणि कमी चिवट जंतू त्याहून कितीतरी आधी मेले असणार, असा तो तर्क आहे.

तेव्हा नोंदवहीत दिसलेलं तेवढंच लिहा, आणि दोन वेळा लिहा. लोड काढताना: ‘१२१ अंश, २० मिनिटं सलग, टेप बदलली.’ कुपीचा निकाल आल्यावर त्याच ओळीपुढे: ‘कुपी ड्रमाच्या मध्यभागी, वाढ नाही, ताळा पिवळा.’ कुपी रोज प्रत्येक लोडला लावत नाहीत, आठवड्यातून किमान एकदा लावावी असा प्रघात आहे. पण शरीरात बसवायच्या सळ्या-स्क्रू असलेल्या प्रत्येक लोडमध्ये ती हवी, आणि निकाल येईपर्यंत तो लोड वापरायचा नाही. अशा लोडपुढे ‘रोखला’ एवढा एक शब्द लिहिला तरी रात्रपाळीच्या सिस्टरला पुरतो.

‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ शक्यतो टाळा. चाचणीची कुपी पॉझिटिव्ह आली तर ती वाईट बातमी असते, ताळ्याची पॉझिटिव्ह आली तर चांगली, आणि घाईत ओळ वाचणाऱ्याला यातली कुठली ते कळत नाही. ‘जांभळी’ आणि ‘पिवळी’ लिहा.