मिस्टर अहो

"आई, नाटकात मी आजीला ‘तू’ म्हणते आणि आजोबांना ‘तुम्ही’. इंग्लिशमध्ये दोघांनाही ‘यू’च असतं. मग माझी ती वाक्यं मी इंग्लिशमध्ये म्हटली तर चालतील का?"

सदाशिव पेठ, पुणे

माझ्या सोन्या,

ती सहा वाक्यं मराठीतच राहू देत. तुझी बाकीची जवळजवळ सगळी वाक्यं इंग्लिशमध्ये आहेत आणि तीही मी मुद्दामच तशी ठेवली आहेत. का, ते सांगते.

मी आजीला ‘तू’ म्हणते, आणि माझ्या बाबांना मात्र शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हटलं. माया दोघांवर सारखीच होती. पण लाडात येऊन भांडायचं ते आईशी, आणि बाबांशी बोलताना जरा सावरून बसायचं, हे त्या दोन शब्दांतच होतं. आता इथेसुद्धा कितीतरी मुलं ‘ए बाबा’ म्हणतात. तूही म्हणतेस, ते मला आवडतं. नाटकातले आजोबा मात्र पंचाहत्तरीचे आहेत आणि त्यांची बायको त्यांना ‘अहो’ म्हणते. आपलं अख्खं नाटक त्या एका ‘अहो’वर उभं आहे.

तुमचा गणपतीच्या दिवशीचा प्रवेश आठव. शेजारचा मुलगा पहिल्यांदाच घरी येतो. आजोबांचं नाव काय, ते त्याला कळत नाही. आजी आतून हाक मारते, "अहो, चहा टाकलाय!" नाटकातले तुझे बाबा म्हणतात ‘बाबा’, तू म्हणतेस ‘आजोबा’. आजीची हाक सगळ्यात जास्त वेळा कानावर पडते, म्हणून तो पुढे होऊन हात पुढे करतो आणि म्हणतो, "नाइस टु मीट यू, मिस्टर अहो." इथे हॉलमधले आजी-आजोबा हसतील आणि मराठी न येणारी मुलंही हसतील, कारण घोटाळा त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेला असेल. तू ‘अहो’चं इंग्लिश करून सांगितलंस, तर तो घोटाळा होणारच नाही.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. पहिल्या खर्ड्यात मी प्रत्येक मराठी वाक्यामागे त्याचं इंग्लिश ठेवलं होतं. आजी म्हणायची, "मोदक झाले", आणि तू लगेच सांगायचीस की मोदक झाले म्हणून. वीस मिनिटांचं नाटक पस्तीस मिनिटांवर गेलं. पण वेळेपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. मराठी माणसं आधी हसायची, तुम्ही मुलं नंतर, आणि मधल्या गोंगाटात पुढचं वाक्य बुडायचं. शिवाय एकाच घरातली माणसं एकमेकांना भाषांतर करून सांगत बसत नाहीत. म्हणून आता वाक्याची भाषा एकाच गोष्टीवर ठरते: समोर कोण आहे. आजीशी मराठी, दादाशी आणि त्या मुलाशी इंग्लिश. मराठी वाक्याचा अर्थ भाषांतराने पोचवायचा नाही, तो पुढच्या माणसाच्या कृतीने पोचवायचा. आजी म्हणते, "पाट मांड गं", आणि तू पाट मांडतेस. एवढं पुरतं.

आजोबांचं काम करणाऱ्या मुलाला मराठी कमी येतं, म्हणून मी त्याला मोठी वाक्यं दिलेली नाहीत. ‘हं’, ‘बरं’, ‘असं होय’, ‘छे’ एवढ्यावर त्याचा निम्मा प्रवेश निघतो. खरे आजोबाही असेच बोलायचे. एक ‘बरं’ होकाराचं असतं, एक नाराजीचं, आणि एक ‘आता उठा’ असं सांगणारं. तिन्हींचे सूर त्याला नीट बसले, तर एकही मराठी शब्द न कळणारा माणूससुद्धा आजोबांना ओळखेल.

एक अडचण मला तालमीतच दिसली. मराठी नीट न समजणारी मुलं समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर आपलं वाक्य उचलतात. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे माझी निम्मी वाक्यं ‘आहे’वर संपत होती. दादाचं काम करणारा मुलगा दुसऱ्याच ‘आहे’वर उठला आणि पाऊण पान गळालं. चूक त्याची नव्हती, माझ्या लिहिण्याची होती. आता जिथे पुढचं वाक्य इंग्लिश आहे, तिथे आधीचं मराठी वाक्य वेगळ्या शब्दावर संपतं. "दारात कुणीतरी आहे" याऐवजी आजी म्हणते, "कोण आलंय गं दारात?" ‘दारात’ ऐकलं की दादाने उठायचं. बोलण्यातही ते जास्त खरं वाटतं.

इथे आल्यापासून रोज दुपारी तुझ्या आजीला एकेक प्रवेश वाचून दाखवते. "तुम्ही चहा घेणार का?" या वाक्यावर तिने मला थांबवलं. "मी तुझ्या बाबांना असं कधी विचारलं?" म्हणाली. "चहा टाकायचा आणि सांगायचं." माझ्या डोक्यात ते वाक्य इंग्लिशमध्ये तयार झालं होतं आणि कागदावर मराठीत उतरलं होतं. अशी अकरा वाक्यं तिने बदलून दिली.

शेवटचा उखाणाही तिच्यासमोर बसूनच जुळवला. शेजारचा मुलगा आजीला नवऱ्याचं नाव विचारतो आणि ती लाजते, कारण तिच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नसत, उखाण्यात गुंफून घेत. मग ती म्हणते:

"मुळेला भेटली मुठा, संगम झाला छान,
माधवरावांचं नाव घेते, राखते सगळ्यांचा मान."

मुलाला यातलं फक्त ‘माधवराव’ ऐकू येतं. तो म्हणतो, "सो नॉट मिस्टर अहो?" आणि आजोबा म्हणतात, "हं." हेही भाषांतर करायचं नाही.

एका नाटकात दोन भाषा म्हणजे आपण काही विचित्र करतोय असं वाटून घेऊ नकोस. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या शहाजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पुतण्याने, ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक लिहिलं. त्यांनी १६८४ ते १७१२ राज्य केलं. त्या नाटकात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषा आहेत आणि वेगवेगळ्या प्रांतांतल्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. तेही घरापासून लांब जाऊन राहिलेलं मराठी कुटुंबच होतं.

आता तुझी सहा वाक्यं. रोमन लिपीतल्या तुझ्या प्रतीत मोठा एल आला की तो ‘ळ’, जीभ मागे वळवून. मोठा एन म्हणजे ‘ण’. ‘चांगलं’ आणि ‘चहा’ या दोन्हींत सीएचच लिहिलं होतं, म्हणून तू ‘चांगलं’ चुकत होतीस. नव्या प्रतीत ‘चांगलं’ टीएसने सुरू होतं, कारण तो ‘च’ दातांजवळचा आहे. ‘तुम्ही’मधला ‘म्ही’ तुटला तर काळजी करू नकोस. घाईत इथली माणसंही ‘तुमी’ म्हणतात.

आजीने सहाही वाक्यं फोनवर रेकॉर्ड केली आहेत, प्रत्येक दोनदा, आधी सावकाश आणि मग नेहमीच्या वेगात. ऐकून झाली की पहिली तीन म्हणून मला पाठव. आजीलाही ऐकवीन.

तुझी,
आई