गुन्हा ‘नोंदवला’ आहे, ‘घडला’ हे अजून ठरायचे आहे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझी बातमी आणि तिच्यासोबत पाठवलेली प्रथम खबर अहवालाची प्रत, दोन्ही शेजारी ठेवून वाचली. पोलिसांनी पाठवलेल्या प्रेसनोटवर न थांबता तू मूळ प्रत मिळवलीस, हे चांगले केलेस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता इतर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. त्यामुळे मूळ कागद न पाहता बातमी लिहिण्याला आता फारसे कारण उरलेले नाही. मात्र तो कागद हातात असूनही तुझ्या बातमीत जे झाले आहे, त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

तुझा मथळा असा आहे : ‘ऊसतोड मजुरांची ९ लाखांची उचल घेऊन पसार झालेल्या मुकादमावर गुन्हा’. यात पोलिसांनी केलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे गुन्हा नोंदवणे, आणि ती वाक्याच्या शेवटच्या शब्दात आली आहे. त्याआधीचे सगळे फिर्याद देणाऱ्या ऊस वाहतूकदाराचे म्हणणे आहे, पण वाक्यात ते कोणाचेच म्हणणे म्हणून येत नाही. ‘पसार झालेल्या’ या धातुसाधित विशेषणाने आरोपाला मुकादमाचा गुणधर्म करून टाकले. ‘उंच मुकादम’ म्हणावे तसा ‘पसार झालेला मुकादम’. आपल्या भाषेत ‘-लेला’ आणि ‘-णारा’ ही रूपे इतकी सहज तोंडात येतात की दावा त्यांच्या आडून घटना होऊन बसतो आणि लिहिणाऱ्यालाही कळत नाही. ‘मारहाण करणाऱ्या तिघांवर गुन्हा’, ‘अपहार केलेल्या सरपंचावर गुन्हा’ असे मथळे तू रोज वाचतोस. त्यांच्याकडे आता या नजरेने पाहा.

मी तुझे वाक्य दुरुस्त करायला बसलो, तेव्हा पहिल्या खेपेला ‘वाहतूकदाराने दिलेल्या ९ लाखांच्या उचलीवरून’ असे लिहून गेलो, आणि मग थांबलो, कारण ‘दिलेल्या’ हेही तेच रूप आहे. पैसे दिले हासुद्धा फिर्यादीचाच दावा आहे. तेव्हा वाक्य असे केले : ‘ऊसतोड मजूर पुरवण्यासाठी ९ लाख रुपयांची उचल घेऊन करार पाळला नाही, अशा फिर्यादीवरून मुकादमाविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला आहे.’ यात ‘अशा फिर्यादीवरून’ हे शब्द आधीचा सगळा मजकूर आपल्या कवेत घेतात.

त्याच्या पुढच्या परिच्छेदात तू सलग सहा वाक्ये घटना सांगितल्यासारखी लिहिली आहेस आणि सातव्याच्या शेवटी ‘असे फिर्यादीत म्हटले आहे’ असे जोडले आहेस. आपले क्रियापद शेवटी येते, म्हणून हे श्रेयही शेवटी ढकलण्याची आपल्याला सवय आहे. पण सहा वाक्ये खरी मानून वाचलेला वाचक सातव्या वाक्यानंतर मागे जाऊन ती पुन्हा तपासत नाही. आरोप एका वाक्यापेक्षा लांबत असेल तर ‘फिर्यादीनुसार’ हा शब्द आधी यावा, आणि पुढच्या वाक्यांतही ‘त्यांचे म्हणणे आहे’, ‘फिर्यादीत नमूद आहे’ असा आधार मधून मधून दिसावा. वाचायला थोडे जड होईल, ते होऊ दे. मथळ्यात एकदा ‘कथित’ घालून खाली वाटेल ते लिहिण्यापेक्षा हे बरे. ‘उघडकीस आले’, ‘निष्पन्न झाले’, ‘समोर आले’ या क्रियापदांपासूनही दूर राहा. फिर्याद नोंदवली त्या दिवशी फक्त फिर्याद समोर आलेली असते.

आता आकड्याकडे येतो. तुझ्या पोटमथळ्यात ‘९ लाखांचा गंडा’ आहे. प्रथम खबरीतला मजकूर पुन्हा वाच. १२ कोयते, म्हणजे तोडणी मजुरांच्या १२ जोड्या, प्रत्येक कोयत्याला ७५ हजार, म्हणून ९ लाख. त्यांपैकी ५ लाख ५० हजार बँकेतून आणि उरलेले ३ लाख ५० हजार रोख. त्याच मजकुरात पुढे लिहिले आहे की मजूर कारखान्यावर आले, त्यांनी ३८ दिवस तोडणी केली आणि मग टोळी निघून गेली. म्हणजे ९ लाख ही दिल्याचे सांगितलेली उचल आहे, बुडाल्याचे सांगितलेली रक्कम नव्हे. ३८ दिवसांच्या तोडणीची मजुरी आणि मुकादमाचे कमिशन वजा जाऊन किती राहिले, याचा हिशेब फिर्यादीत कुठेही नाही. वाहतूकदार स्वतःही जेवढे म्हणत नाही, तेवढे तुझ्या बातमीने म्हटले आहे. फिर्यादीचा आरोप तथ्य म्हणून मांडण्यापेक्षाही ही मोठी चूक आहे, आणि ती प्रेसनोटमधला मोठा आकडा उचलल्यामुळे होते.

कलमांबाबतही एक गोष्ट लक्षात घे. प्रतीवर भारतीय दंड संहितेची कलमे ४२०, ४०६ आणि ३४ आहेत, आणि तू ती ‘जुनी’ समजून बातमीत भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लिहिलेस. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. या प्रकरणातली उचल ऑगस्ट २०२३ मधली आहे आणि मजूर डिसेंबर २०२३ मध्ये निघून गेले, म्हणून फिर्याद फेब्रुवारी २०२५ मध्ये आली असली तरी कलमे दंड संहितेचीच लागली. कृत्य केव्हाचे आहे हे तुला कलमांवरूनच कळायला हवे होते. त्याच अहवालात विलंबाच्या कारणाचा रकाना असतो. त्यात ‘वेळोवेळी मागणी केली असता देतो असे म्हणून टाळाटाळ केली’ असे लिहिले आहे. चौदा महिन्यांच्या विलंबामुळे फिर्याद खोटी ठरत नाही, पण तिन्ही तारखा बातमीत यायला हव्यात. तुझ्या बातमीतून वाचकाला हे सगळे गेल्या आठवड्यातले वाटते.

सगळ्यात जास्त मला ज्या वाक्याने थांबवले ते हे : ‘मुकादमाने सुरुवातीपासूनच फसवणुकीच्या हेतूने ही उचल घेतली होती.’ हे वाक्य तू प्रतीतून जसेच्या तसे घेतलेस. ते वाक्य वाहतूकदाराच्या तोंडचे असण्याची शक्यता कमी आहे. तो ठाण्यात येऊन ‘माझे पैसे बुडवले हो’ असे म्हणाला असेल. फिर्याद त्याच्या सांगण्यावरून ठाण्यातले कर्मचारी लिहितात, आणि ‘सुरुवातीपासूनच हेतू’ ही ४२० कलमाची गरज आहे. करार करतानाच फसवण्याचा इरादा असला पाहिजे, नंतर करार मोडला एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. म्हणजे हे एक वाक्य खरे असेल तर प्रकरण फौजदारी आहे, आणि खरे नसेल तर तो दोघांमधला पैशांचा दिवाणी वाद आहे. सारा खटला ज्या मुद्द्यावर उभा राहणार किंवा पडणार, तोच मुद्दा तू आपल्या तोंडाने निकालात काढलास. ‘संगनमत करून’ या शब्दांचेही तसेच आहे, ते ३४ कलमासाठी येतात. तुझ्या बातमीत मुकादमाच्या भावाचे नाव आणि गाव आहे, पण त्याने नेमके काय केले याबद्दल प्रतीत ‘संगनमत करून’ याखेरीज एक ओळही नाही. ते नाव काढ, ‘अन्य एकाविरुद्ध’ एवढे पुरे. हजार उंबऱ्यांच्या गावात छापलेले नाव पुसता येत नाही.

‘एफआयआरमध्ये असेच लिहिले आहे’ हा बचाव तू मनात धरून असशील. बदनामीच्या कायद्यात स्पष्ट अपवाद आहे तो न्यायालयाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला. फिर्याद हे न्यायालयाचे कामकाज नव्हे. खटल्यातही तो अहवाल स्वतंत्र पुरावा मानला जात नाही, फिर्यादीच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा तिच्यातली विसंगती दाखवण्यासाठीच तो वापरता येतो. आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे २०१३ मध्ये घटनापीठाने सांगितले. तेव्हा पोलिसांनी गुन्हा नोंदवला याचा अर्थ पोलिसांना ते पटले, असा होत नाही. ‘गुन्हा दाखल’ हे शब्दच आपल्या वाचकाला निकालासारखे ऐकू येतात, म्हणून ही काळजी मराठीत जास्त घ्यावी लागते.

साधारण वीस वर्षांपूर्वी एका गटसचिवाविरुद्ध अपहाराची फिर्याद झाली होती. ‘शेतकऱ्यांच्या पैशांवर गटसचिवाचा डल्ला’ हा मथळा माझा होता. दीड वर्षाने पोलिसांनी न्यायालयात तपास बंद करण्याचा ‘क’ समरी अहवाल दिला आणि तो मंजूर झाला. पावत्या दुसऱ्या नोंदवहीत चढल्या होत्या, तक्रार गैरसमजातून झाली होती. तो माणूस प्लास्टिकच्या पिशवीत आदेशाची प्रत आणि माझ्या बातमीचे कात्रण घेऊन कचेरीत आला. मथळा पहिल्या पानावर चार रकाने होता, आम्ही त्याला सातव्या पानावर चार ओळी दिल्या. त्याने त्या उभ्या उभ्या वाचल्या, कात्रण पुन्हा घडी करून पिशवीत ठेवले आणि काही न बोलता तो गेला. त्या चार ओळी मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून तुझ्या वहीत प्रत्येक फिर्यादीचा गुन्हा रजिस्टर नंबर, ठाणे आणि तपास अधिकाऱ्याचे नाव लिहून ठेव आणि समोर कोरी जागा सोड. त्या जागेत पुढे दोषारोपपत्र गेले की समरी गेली, हे लिहायचे आहे. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमज किंवा दिवाणी स्वरूप. समरी पोलिसांनी पाठवली म्हणजे संपले असे नाही, न्यायालयाने ती स्वीकारली की नाही हेही लिहावे लागते. पहिली बातमी ज्या पानावर गेली, शेवटची त्याच पानावर जावी यासाठी संपादकांशी भांड.

बातमी आज पाठवू नकोस. आधी मुकादमाला फोन लाव, आणि ‘तुमचे काय म्हणणे आहे’ एवढेच विचारून थांबू नकोस. किती कोयते गेले, किती टन तोडणी झाली, वजनाच्या पावत्या कोणाकडे आहेत, फडावरचा हिशेब झाला का, हे विचार. तेच प्रश्न वाहतूकदारालाही विचार. मुकादम सध्या टोळीसोबत कर्नाटकात असेल तर फोन रात्री आठनंतर लागेल, दिवसा तो फडात असतो. नाहीच लागला तर किती वाजता, किती वेळा लावला ते बातमीत लिही, ‘संपर्क होऊ शकला नाही’ एवढ्यावर सोडू नकोस. दोघांची उत्तरे आली की मला पुन्हा पाठव, मी जागा आहे.

तुझा,
एक जुना वार्ताहर