दानलेखांचा तक्ता करताना दात्याच्या पुढचंही वाचा

> "एका जुन्या मंदिराच्या दानलेखांवर एम.ए.चा प्रबंध करतेय. दाता, दान, साल असा तक्ता केला. राजे आणि अधिकारी भरपूर, बायका अगदी थोड्या, म्हणून 'धर्म वरच्या वर्गाच्या हातात होता' असा निष्कर्ष काढला. मार्गदर्शक म्हणतात, यावरून काहीच सिद्ध होत नाही. कार्यालयातून लेखांची यादी मिळाली, पूर्ण वाचन देत नाहीत. काय करू?"

तुमचे तीन रकाने पाहिले आणि यादी कुठल्या प्रकारच्या कार्यालयातून आली असेल ते ओळखलं. अशाच यादीने माझं एक अख्खं प्रकरण बुडवलं होतं, त्यावर पुढे येतोच. लिपी, शकाचं इसवी सन करणं वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडून देतो.

तुमचे मार्गदर्शक बरोबर बोलताहेत, पण कारण सांगत नाहीत. कारण असं की दानलेख ही भक्तांची शिरगणती नाही. तो एक व्यवहार आहे. कुणीतरी ठेव ठेवली, कुणीतरी ती सांभाळायची हमी दिली, त्यातून देवाची एखादी सेवा कायम चालायची होती, आणि पुढे कुणी हात वर करू नयेत म्हणून हे दगडावर कोरलं. हात जोडून गेलेला माणूस इथे सापडत नाही. ज्याच्या पैशाचा पुढे हिशेब ठेवायचा होता तोच सापडतो. म्हणून लेखातला सगळ्यात बोलका माणूस बऱ्याचदा दाता नसतो, ठेव घेणारा असतो.

तमिळ प्रदेशातल्या चोळकालीन मंदिरांचे लेख घ्या. तिथे नंदादीपाचं दान पुन्हापुन्हा येतं. एका दिव्यासाठी मेंढ्या द्यायच्या, बहुतेक ठिकाणी ९६, कुठे ९०. या मेंढ्या देवळात बांधत नसत. त्या धनगरांकडे सोपवायच्या आणि त्यांनी रोज एक उळक्कू, म्हणजे ठरलेल्या मापाचं, तूप देवळात आणून घालायचं. लेखात या मेंढ्यांना 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या' म्हटलेलं असतं. ऐकायला काव्य वाटतं, पण ते कराराचं कलम आहे. मेंढी मेली तरी संख्या कमी धरली जाणार नाही, कळप राखायची जबाबदारी धनगराची आणि तूप त्याच्या मुलानातवंडांनीही घालायचं. आता हाच लेख छापील वार्षिक सारांशात कसा येतो? 'अमुक व्यापाऱ्याने दिव्यासाठी ९६ मेंढ्या दिल्याची नोंद.' संपलं. धनगर गेला, त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची बांधिलकी गेली, हमी घेणारी सभा गेली. उरला श्रीमंत दाता. मग सारांशांवरून तक्ता केला तर धर्म श्रीमंतांच्याच हातात दिसणार, दुसरं काय दिसणार?

माझं प्रकरण बुडालं ते यातच. मंदिराचं नाव सांगत नाही, कार्यालयाचं तर नाहीच. लेखांचे शाईचे ठसे त्यांच्याकडे होते. मी ठसे पाहायला मागितले, उत्तर आलं की 'माहिती पुरवण्यात येईल'. बराच काळ वाट पाहून मिळाली ती टंकलिखित यादी: दाता, दान, साल. मोठ्या लेखांच्या शेवटी 'व इतर किरकोळ देणग्या' असा शेरा. ठसे का दाखवत नाही विचारलं तर 'सारांश आहे ना, त्यात सगळं आलं'. ज्यांच्या कपाटात हे कागद गुंडाळून पडलेत त्यांनाच त्यात काय आहे ते पाहायचं नसतं, याचा राग अजून जात नाही. पुढे एका ओळखीच्या अभ्यासकाकडे त्यातल्याच एका लेखाचे स्वच्छ फोटो मिळाले, आणि 'किरकोळ' या एका शब्दाखाली मूळ लेखाचा जवळजवळ निम्मा भाग दडपलेला निघाला. छोट्या रकमा, धंद्यावरून ओळखले जाणारे लोक, 'अमक्याची बायको' म्हणून येणाऱ्या दोन दात्री, आणि ठेव सांभाळणाऱ्यांची नावं. स्त्रिया नव्हत्याच असं मी लिहून बसलो होतो ते यादीच्या जोरावर. असो.

आता मराठीतलंच उदाहरण, म्हणजे तक्ता कुठे फसतो ते दिसेल. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दोन लेख आहेत, त्यांच्यात ३६ वर्षांचं अंतर आहे. पहिला १२३७चा, होयसळ सोमेश्वराचा. राजा एक अख्खं गाव देवाच्या भोगासाठी लावून देतो. दुसरा शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७चा, ज्याला सगळे चौऱ्यायशीचा लेख म्हणतात. तो सुरुवातीलाच स्वतःला 'पैकाचा विवरु' म्हणवतो. विठ्ठलाची फुलांची सेवा चंद्रसूर्य असेपर्यंत चालावी म्हणून अनेकांनी दिलेल्या पैशाचा तो तपशील आहे. नोंदी एकाच दिवसाच्या नाहीत, काही वर्षांत भर पडत गेली आहे. रामचंद्रदेव यादव आणि हेमाद्री पंडित त्यात आहेत, पण इतरही पुष्कळ आहेत.

तुमच्या पद्धतीने हे दोन लेख म्हणजे तक्त्यात दोन ओळी. एक राजाची, दुसरीत रामचंद्रदेवाचं नाव ठळक, म्हणून तीही राजाचीच. निष्कर्ष: शंभर टक्के राजाश्रय! प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळ द्या, की चित्र उलटं होतं. तरीही रकमांची बेरीज करून तुलना करू नका, कारण ही दोन दानं एका जातीची नाहीत. गाव देणं म्हणजे राजाने खिशातून काही काढलेलं नाही, गावाचा महसूल देवाकडे वळवला. तो भरणारे शेतकरी दाते म्हणून कुठेच येत नाहीत, खरं तर देवाचा भोग त्यांच्या पैशावर चालतो. यादीतल्या माणसाने मात्र स्वतःची रोकड मोजून दिली आहे. तुम्हाला सामाजिक इतिहास लिहायचा असेल तर तो इथे आहे: राजाने वळवलेल्या महसुलाच्या शेजारी वर्गणीसारखी अनेकांची ठेव उभी राहते आणि राजाही त्या यादीत नाव घालून घेतो. यावरून 'मंदिर लोकांचं झालं' असं मात्र लगेच म्हणू नका. ज्यांना त्या दारापर्यंतच येऊ दिलं नाही, त्यांची नोंद या दगडावर असणं शक्यच नव्हतं. यादीत एखादा समाज नाही म्हणजे त्याची भक्ती नव्हती असं होत नाही, एवढं वाक्य प्रबंधात ठेवाच.

याच लेखाला पाठ घासली की चौऱ्यायशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत पडली आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून अक्षरं झिजली. वाचणाऱ्याला ते नुकसान, पण झिजलेली जागासुद्धा धार्मिक व्यवहाराचाच पुरावा आहे. म्हणून पोथीसारखा नुसता मजकूर उतरवून घेऊ नका. दगड कुठे बसवलाय, किती उंचीवर, कुठे गुळगुळीत झालाय तेही लिहा. आणि झिजलेल्या जागी वाचकाने कंसात भरलेलं अक्षर पुरावा म्हणून वापरू नका, विशेषतः नावात. एका मात्रेने जात बदलते.

वाचन बरोबर आहे का ते तपासायला दोन सोप्या गोष्टी. एक, शक आणि संवत्सराचं नाव जुळतं का पाहा. दक्षिणेकडच्या लेखांत शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक, शून्य उरलं तर साठावा. ११९५ अधिक १२ म्हणजे १२०७, बाकी ७, सातवा श्रीमुख. पंढरपूरच्या लेखात श्रीमुखच आहे. एका वर्षाचा फरक आला तर घाबरू नका, गत आणि वर्तमान शकामुळे तो येतो. जास्त फरक आला तर आकडा चुकीचा वाचलाय किंवा लेखच संशयास्पद आहे.

दुसरी गोष्ट, लेखातला हिशेब स्वतः करून बघा. मंदिराचा नाही, पण नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख यासाठी उत्तम आहे. त्याने २००० कार्षापण नाणी कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख सांगतो की २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. गुणाकार २४०, जुळलं. ठेवीचा आकडा, दर आणि वाटप एकमेकांना धरून आहेत, त्यामुळे तिन्ही वाचनांवर भरवसा ठेवता येतो. तुमच्या एखाद्या लेखात असं जुळलं नाही तर आधी वाचनावर संशय घ्या, देवळाच्या कारभाऱ्यांवर नंतर.

तर तक्ता असा करा. दाता, दान, साल राहू द्या. त्यात ठेव कोणाकडे गेली, सेवा कोणती, पुण्य कोणाच्या नावाने, हमी आणि साक्ष कोणाची हे रकाने घाला. पुण्याचा रकाना विसरू नका. नवरा दान देतो आणि पुण्य आईला किंवा मेलेल्या बायकोला लावतो, असं असेल तर 'बायका फार कमी' हे वाक्य बदलावं लागेल. दात्याच्या नावावरून आजची जात लावू नका. लेखात धंदा दिला असेल तर धंदाच लिहा, जातीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. मार्गदर्शक भरायला लावतील, तेव्हा 'लेखात नाही' असं लिहून मोकळ्या व्हा. हे माझं मत आहे, काही चांगले अभ्यासक याच्या उलट करतात.

कार्यालयाचं म्हणाल तर 'माहिती द्या' असा अर्ज करू नका. माहिती मागितली की यादीच मिळते. लेखाचा किंवा ठशाचा नोंदणी क्रमांक लिहून त्याचं निरीक्षण करायचंय असं लिहा. सरकारी कार्यालय असेल तर २००५च्या माहिती अधिकार कायद्यात कागदपत्रं तपासण्याचा आणि प्रमाणित प्रती घेण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे, उत्तराची मुदत ३० दिवस. मी वकील नाही, खासगी विश्वस्त मंडळ असेल तर हा रस्ता लागू होईलच असं नाही. आणि हा अर्ज शेवटचा ठेवा, आधी टाकलात तर चहा पाजणारा कारकूनही ओळख दाखवणार नाही. तोवर मंदिरात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाऊन तिरप्या उजेडात फोटो काढा, परवानगी घेऊन. दुपारच्या सपाट उजेडात न दिसणारी अक्षरं तेव्हा उठून येतात. दगडावर खडू, पीठ, तेल काही लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

यादीतला सर्वात लांब लेख आधी घ्या, ज्याच्या सारांशात 'इतर' किंवा 'वगैरे' आहे तो. पूर्ण वाचन मिळालं की इथेच टाका. नावं सोडवायला मी आहे, इतरही येतील.